ताळ्याच्या खुणांपासून वर्गवार बेरजेपर्यंत: मोजणीपत्रकाच्या छायाचित्राचे वाचन

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस हाताने ओढलेल्या ताळ्याच्या खुणांचे पत्रक छायाचित्रावरून वाचून प्रत्येक वर्गाची संख्या काढता येईल. पाचच्या गटांतील सदोष गट ओळखता येतील. एकूण बेरीज जुळूनही वर्गवार आकडे का चुकू शकतात, हे उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण मराठीच्या शब्दसंग्रहाचे तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे वर्गीकरण पाहिले. एखाद्या लेखात यांपैकी कोणत्या वर्गाचे शब्द किती आले आहेत, हे सांगावयाचे झाल्यास केवळ वाचनाने झालेल्या ग्रहावर विसंबून चालत नाही. तेथे मोजणी करावी लागते. प्रकल्पकार्यात ही मोजणी बहुधा कागदावरच होते. एका हातात उतारा, दुसऱ्या हातात पेन्सिल आणि समोर वर्गांची नावे लिहिलेला एक कागद. शब्द आला की त्या वर्गासमोर एक उभी रेघ ओढायची.

दूरशिक्षणातील गटप्रकल्पात या कामाचे दोन भाग पडतात. मोजणी एक जण करतो आणि बेरीज दुसरा करतो. दोघे दोन गावांत राहतात, त्यामुळे कागदाऐवजी कागदाचे छायाचित्र प्रवास करते. रेघ ओढणाऱ्याच्या मनात जे होते, ते छायाचित्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसते. त्याच्यासमोर असतात त्या फक्त रेघा, काही सावल्या आणि कागदाच्या घड्या. प्रकल्पातील चुका बहुतांशी याच टप्प्यावर शिरतात. म्हणून या घटकात आपण एकच पत्रक घेऊन ते आरंभापासून अखेरपर्यंत वाचणार आहोत.

२. खूण आणि गट

शालेय गणितात आपण ताळ्याच्या खुणा शिकला असाल. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी रेघ त्या चौघींवरून तिरपी ओढतात आणि गट बंद करतात. येथे नवशिक्याची एक नेहमीची चूक होते. तिरपी रेघ ही गट बांधणारी दोरी आहे असे समजून तो केवळ उभ्या रेघा मोजतो व गटाची किंमत चार धरतो. तिरपी रेघ ही दोरी तर आहेच, परंतु ती स्वतःही एक खूण आहे. पाचवा शब्द आला म्हणूनच ती ओढली गेली आहे. म्हणून पूर्ण गटाची किंमत पाच.

पाचच का, असा प्रश्न आपल्या मनात येईल. हाताच्या बोटांशी त्याचा संबंध उघडच आहे, पण दुसरेही एक कारण आहे. तीन किंवा चार वस्तू शेजारी शेजारी असतील तर त्या न मोजता, एका दृष्टिक्षेपात माणसाला ओळखता येतात. त्यापुढे डोळा अडखळतो आणि मोजावे लागते. चार रेघांवर गट बंद करण्यामागे डोळ्याची हीच मर्यादा आहे. पूर्वी भिंतीवर कोळशाने दुधाच्या हिशेबाच्या रेघा ओढणाऱ्या गृहिणीला हे कोणी शिकवले नव्हते, पण ओळीने ओढलेल्या सतरा रेघा महिनाअखेरीस मोजताना काय होते ते तिला ठाऊक असे.

गट बांधण्याची हीच एक रीत नाही. फ्रान्स, स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांत चार रेघांनी चौकोनाच्या चार बाजू काढतात आणि पाचवी रेघ कर्ण म्हणून ओढतात. चीन व जपानमध्ये पाच फटकाऱ्यांचे एक चित्राक्षर रेघेगणिक पूर्ण करत जातात. आपल्या अभ्यासगटात सर्वजण बहुधा तिरप्या रेघेचीच पद्धत वापरतील. तरीही मोजणीपूर्वी ते एकदा बोलून ठरवून घेणे बरे. एकाच पत्रकावर दोन हातांच्या दोन रीती आल्या तर वाचणाऱ्याची कुचंबणा होते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. पूर्णविरामासाठी कोणी दंड वापरत असेल, किंवा वर्गाच्या नावापुढे तो ओढण्याची सवय असेल, तर छायाचित्रात तो दंड आणि एक सुटी खूण यांत काहीही फरक दिसत नाही. वर्गाच्या नावानंतर कोणतेही चिन्ह न लिहिता मोकळी जागा सोडावी.

३. छायाचित्र घेताना

पत्रक सपाट पृष्ठभागावर ठेवून, भ्रमणध्वनी त्याच्या बरोबर वर धरून, दिवसाच्या उजेडात छायाचित्र घ्यावे. कागदाचे चारही कोपरे चौकटीत आले पाहिजेत. कोपरा दिसला तरच कागदाची कड कोठे संपते हे वाचणाऱ्याला कळते, आणि एखादी खूण चौकटीबाहेर राहिली नाही याची खात्री पटते. झोताचा प्रकाश पेन्सिलीच्या शिशावर चमकतो आणि नेमक्या खुणाच पुसट करतो, म्हणून तो टाळावा.

कागदपत्रांची प्रत काढणारी भ्रमणध्वनीवरील काही साधने छायाचित्राचे रूपांतर निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत करतात. छापील मजकुरासाठी हे ठीक आहे. पेन्सिलीची फिकट रेघ मात्र अशा रूपांतरात पांढऱ्या कागदात विरून जाते आणि मागे काही उरतही नाही. रंगीत, मूळ छायाचित्रच पाठवावे. संदेशवाहक साधनातून पाठवताना ते चित्र म्हणून न पाठवता दस्तऐवज म्हणून पाठवावे. चित्र म्हणून पाठवल्यास त्याचा आकार कमी केला जातो, आणि मोठे करून पाहताना चार रेघांचा एक धूसर पट्टा दिसतो.

पातळ कागदावर पाठच्या बाजूचे लेखन पुढे उमटते. अशा कागदाखाली काळा कागद ठेवून छायाचित्र घेतले की पाठीमागचे लेखन बरेचसे दबते. ते दबले नाही तरी ओळखण्याची एक खूण आहे. प्रत्येक व्यक्तीच्या तिरप्या रेघेचा कल बहुधा ठरलेला असतो. पाठीमागून उमटलेल्या गटात हा कल आरशातल्याप्रमाणे उलटा होतो. सर्व गटांत तिरपी रेघ एका दिशेने आणि एकाच फिकट गटात ती विरुद्ध दिशेने जात असेल, तर तो गट या पानाचा नव्हे.

४. उदाहरण: एका अग्रलेखातील नामे

आता प्रत्यक्ष पत्रकाकडे वळू. उदाहरणातील आकडे अध्यापनाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. समजा, आपल्या अभ्यासगटातील एका विद्यार्थिनीने वृत्तपत्रातील एक अग्रलेख निवडला. त्यातील विशेषनामे वगळून उरलेल्या प्रत्येक नामावर तिने पेन्सिलीने क्रमांक घातला. तोच शब्द पुन्हा आला तर त्याला पुन्हा नवा क्रमांक दिला. शेवटचा क्रमांक ११६ आला. मग पहिल्या नामापासून आरंभ करून, प्रत्येक नामाचा वर्ग ठरवत, तिने पत्रकावर खुणा केल्या. ज्या शब्दाची व्युत्पत्ती ठरवता आली नाही त्यासाठी ‘अनिश्चित’ हा वर्ग ठेवला.

क्रमांक घालण्याचे हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नये. पत्रकावरील खुणा आणि उताऱ्यातील क्रमांक ही दोन वेगळ्या वेळी झालेली मोजणी आहे. एकीने दुसरीची परीक्षा घेता येते.

कागदावरील खुणा पुढे दिल्या आहेत. छपाईच्या सोयीसाठी तिरपी रेघ गटाच्या शेवटी दाखवली आहे. प्रत्यक्षात ती उभ्या रेघांवरून जाते.

```
तत्सम        ||||/ ||||/ ||||/ |||/ ||||/ ||||/ ||||/ |||
तद्भव        ||||/  ||||/  ||||/  ||||/  ||||/
             ||||/  ||||
देशी         ||||/ ||
फारसी-अरबी   ||||/ ||||/ ||||/ ||||/ ||
इंग्रजी       ||||/ ||||/ |||
अनिश्चित     |||
```

छापलेल्या रूपात हे जितके स्वच्छ दिसते तितके छायाचित्रात दिसत नव्हते. तद्भवच्या ओळीत गट ऐसपैस काढल्यामुळे पाच गटांतच जागा संपली आणि उरलेल्या खुणा खालच्या ओळीत गेल्या. ती ओळ ‘देशी’ या शब्दाच्या इतकी जवळ होती की ती देशीचीच वाटावी. कागद उभा दुमडून पिशवीत ठेवलेला होता, त्यामुळे त्यावर वरपासून खालपर्यंत घडीची एक रेष उमटली होती. फारसी-अरबीच्या ओळीतील शेवटची सुटी रेघ नेमकी त्या घडीवर आली होती.

५. पहिले वाचन आणि जुळलेली बेरीज

बेरीज करणाऱ्या विद्यार्थ्याने छायाचित्र मोठे करून गट मोजले, प्रत्येक गटाचे पाच धरले आणि सुट्या रेघा मिळवल्या. तत्समसमोर सात गट व तीन रेघा, म्हणजे ३८. तद्भवसमोर पाच गट, म्हणजे २५. देशीसमोर त्याला दोन ओळी दिसल्या. वरच्या ओळीत एक गट व चार रेघा, खालच्या ओळीत एक गट व दोन रेघा, मिळून १६. फारसी-अरबीसमोर चार गट व एक रेघ, म्हणजे २१. इंग्रजी १३ आणि अनिश्चित ३.

त्याने बेरीज केली: ३८, २५, १६, २१, १३ आणि ३, एकूण ११६. उताऱ्यातील शेवटचा क्रमांकही ११६. त्याला समाधान वाटले असल्यास नवल नाही. त्याच्या जागी बहुतेक जण येथेच थांबले असते.

परंतु या सहा आकड्यांपैकी चार चुकीचे आहेत.

हे कसे घडले, ते नीट पाहण्यासारखे आहे. तद्भवच्या नऊ खुणा देशीत गेल्या. तद्भव नऊने घटले, देशी नऊने वाढले आणि एकूण बेरीज तशीच राहिली. तत्समच्या चौथ्या गटात तीनच उभ्या रेघा होत्या. तो गट पाचचा धरल्याने एक खूण अधिक झाली. घडीवरील रेघ घडीतच गणली गेल्याने फारसी-अरबीत एक खूण कमी झाली. अधिक एक आणि उणे एक यांनी परस्परांना झाकले. एकूण बेरजेला केवळ शिल्लक राहिलेली चूक दिसते. जी चूक एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाते, ती तिला दिसतच नाही. बेरीज जुळली नाही तर चूक निश्चितच आहे. बेरीज जुळली याचा अर्थ चूक नाही असा मात्र होत नाही.

प्रकल्पाच्या निष्कर्षावर याचा काय परिणाम झाला असता? पहिल्या वाचनानुसार तत्सम नामे सुमारे ३३ टक्के आणि तद्भव सुमारे २२ टक्के येतात. हे पाहून विद्यार्थ्याने अग्रलेखाची भाषा संस्कृतप्रचुर आहे असे लिहिले असते, आणि देशी शब्दांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आहे असेही नोंदवले असते. ही दोन्ही विधाने त्या अग्रलेखाविषयी नसून कागदावरील अपुऱ्या जागेविषयी आहेत.

६. शंका कशी आली

या चुका उघडकीस आल्या त्या गणितामुळे नव्हे, भाषेच्या जाणिवेमुळे. बेरीज करणाऱ्याला प्रकल्पात प्रत्येक वर्गाची उदाहरणे द्यायची होती. देशी शब्दांसाठी त्याने उतारा पुन्हा वाचला. पोट, डोके, दगड, झाड अशी नामे शोधता शोधता, पुनरावृत्त शब्दही धरून, तो सातवर येऊन थांबला. पत्रकात १६ होती. उरलेली नऊ कोठे गेली?

येथे एक उपयुक्त रीत सापडते. ज्या वर्गाची संख्या सर्वांत लहान असायला हवी, तो वर्ग मूळ उताऱ्यातून पुन्हा मोजावा. ११६ नामांचे पुन्हा वर्गीकरण करणे हे तासभराचे काम आहे. पण सहा-सात देशी शब्द शोधणे दहा मिनिटांत होते, आणि लहान वर्गात शिरलेली परकी ओळ लगेच उठून दिसते. मोठ्या वर्गात नऊची चूक लपते. लहान वर्गात ती संख्या दुप्पट करते.

नऊचा फरक समजल्यावर पत्रकाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. एक गट आणि चार रेघा मिळून नऊ होतात. देशीसमोरच्या वरच्या ओळीत नेमक्या तितक्याच खुणा होत्या. गटांमधले अंतरही बोलके होते. त्या ओळीतील मोकळे अंतर तद्भवच्या ओळीशी जुळत होते, देशीच्या दाट खुणांशी नव्हे. एक हात एका ओळीत लिहिताना साधारण एकच अंतर राखतो, म्हणून ओळ कोणाची असा प्रश्न पडला की हे अंतर पाहावे.

७. दोन शंका आणि एक बेरीज

नऊ खुणा तद्भवकडे परत गेल्या. तद्भव ३४ आणि देशी ७ झाले. एकूण अद्यापही ११६. मात्र आता त्याने प्रत्येक गट मोठा करून पाहायला सुरुवात केली होती, आणि तत्समचा चौथा गट त्याच्या नजरेस आला. तीन उभ्या रेघा, वर एक तिरपी.

या गटाची किंमत काय धरावी? दोन शक्यता आहेत. रेघ ओढणारीने तीन रेघांनंतरच चुकून गट बंद केला असेल. तसे असेल तर चार शब्द आले आणि चार रेघा ओढल्या गेल्या, गटाची किंमत चार. किंवा एक उभी रेघ ओढायचीच राहून गेली असेल, आणि शब्द पाच आले असतील. छायाचित्र पाहून यांतील खरे काय ते सांगता येत नाही. अशा वेळी नियम असा, की कागदावर जे आहे तेच मोजावे आणि शेजारी प्रश्नचिन्ह लिहावे. गटाचा आकार पाहून ‘पाचच असणार’ असे गृहीत धरणे म्हणजे मोजणे नव्हे. तो अंदाज होय.

चार धरल्यास तत्सम ३७ होतात आणि एकूण ११५. मग एक खूण कोठे तरी हरवली असली पाहिजे. विद्यार्थ्याने घडीच्या रेषेकडे पुन्हा पाहिले. फारसी-अरबीच्या ओळीत ती रेष किंचित जाड दिसत होती. तेथे खूण असेल तर फारसी-अरबी २२ आणि एकूण पुन्हा ११६.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे, आणि ती समजून घेण्यासाठी थोडे थांबावे. तत्सम ३८ व फारसी-अरबी २१ धरले तरी एकूण ११६ येते. तत्सम ३७ व फारसी-अरबी २२ धरले तरीही ११६ येते. बेरीज या दोन वाचनांपैकी एकाची निवड करू शकत नाही. तिच्या जोरावर इतकेच म्हणता येते, की दोन शंका एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक सुटली की दुसरी आपोआप सुटेल.

यांपैकी कोणती शंका सोडवणे सोपे आहे? तीन रेघांच्या गटाविषयी मूळ कागदही अधिक काही सांगणार नाही, कारण न ओढलेली रेघ कागदावर नाहीच. घडीवरील रेघ मात्र कागदावर एक तर आहे किंवा नाही. म्हणून विद्यार्थ्याने मोजणी करणारीला दूरध्वनी केला आणि कागद सपाट करून, तिरप्या उजेडात, फक्त त्या ओळीचे छायाचित्र मागवले. घडी दिसते ती सावली म्हणून, आणि उजेडाची दिशा बदलली की तिची जागा व जाडी बदलते. शाईची रेघ बदलत नाही. दुसऱ्या छायाचित्रात घडी फिकट झाली आणि शाईची रेघ स्पष्ट राहिली. फारसी-अरबी २२ ठरले, म्हणून तत्सम ३७.

या युक्तिवादाला एक अट आहे. उताऱ्यातील प्रत्येक क्रमांकासाठी नेमकी एकच खूण ओढली गेली असली पाहिजे. एखाद्या नामाची खूण राहून गेली असेल आणि दुसऱ्याची दोनदा झाली असेल, तर बेरीज तेही झाकून टाकील. आपल्या उदाहरणात विद्यार्थ्याने याची काही अंशी खात्री करून घेतली. फारसी-अरबी शब्द ओळखायला तुलनेने सोपे असतात. अर्ज, तारीख, वकील, दप्तर असे शब्द उताऱ्यात शोधून त्याने ते स्वतंत्रपणे मोजले. संख्या २२ आली.

८. नोंद कशी ठेवावी

पहिल्या वाचनातील मूळ दोष कोणता, असे विचारल्यास उत्तर असे देता येईल: विद्यार्थ्याने पत्रक पाहून थेट ३८ लिहिले. ३८ या आकड्यावरून मागे जाता येत नाही. तो सात गट व तीन रेघांतून आला, की सहा गट व आठ रेघांतून, हे त्यात दिसत नाही. म्हणून छायाचित्र वाचताना पूर्ण गट आणि सुट्या रेघा वेगळ्या स्तंभांत लिहाव्यात आणि बेरीज शेवटी करावी. सदोष गट पूर्ण गटांत धरू नये. त्यातील रेघा सुट्या म्हणून मोजाव्यात.

सारणी क्र. १: दुरुस्त वाचन

| वर्ग | पूर्ण गट | सुट्या रेघा | संख्या | शेरा |
|---|---|---|---|---|
| तत्सम | ६ | ७ | ३७ | चौथा गट चार रेघांचा |
| तद्भव | ६ | ४ | ३४ | दोन ओळींत |
| देशी | १ | २ | ७ | उताऱ्यातून पडताळले |
| फारसी-अरबी | ४ | २ | २२ | एक रेघ घडीवर |
| इंग्रजी | २ | ३ | १३ | |
| अनिश्चित | ० | ३ | ३ | |
| एकूण | १९ | २१ | ११६ | |

या सारणीमुळे आणखी एक पडताळा मिळतो. १९ गटांचे ९५ आणि सुट्या २१ मिळून ११६. ओळीओळीने केलेली बेरीज आणि स्तंभांवरून केलेली बेरीज जुळली, तर निदान अंकगणितात चूक नाही. तत्समसमोर सुट्या रेघा सात दिसतात, हेही उपयोगाचे आहे. सुट्या रेघा चारपेक्षा अधिक आल्या की त्या ओळीत काहीतरी वेगळे घडले आहे, हे सारणी पाहणाऱ्याला शेरा न वाचताही कळते.

संगणकावरील तक्त्यात ही नोंद करत असल्यास, दुसऱ्या स्तंभात गट आणि तिसऱ्यात सुट्या रेघा ठेवून संख्येच्या चौकटीत पुढील सूत्र लिहावे:

```
=B2*5+C2
```

वाचन दोनदा करावे, आणि दुसऱ्या वेळी खालच्या ओळीपासून वर जावे. त्याच क्रमाने वाचल्यास डोळा पहिल्या वेळचीच चूक पुन्हा करतो, कारण ओळ कोणाची हे त्याने आधीच ठरवलेले असते. आपल्या पत्रकात खालून वर वाचणाऱ्याने देशीसमोरच्या सात खुणा घेतल्या असत्या आणि त्यावरची ओळ पाहून तो अडखळला असता. शक्य असल्यास दुसरे वाचन दुसऱ्या व्यक्तीने, पहिले आकडे न पाहता करावे.

खोडलेल्या खुणांविषयी एक शब्द. चुकून ओढलेली रेघ आडव्या रेघेने खोडली, तर छायाचित्रात ती गटासारखी दिसू लागते. चार सुट्या रेघांपैकी शेवटची खोडताना आडवी रेघ थोडी लांबली, तर तीनच खुणांचा पाचचा गट होतो. म्हणून मोजणी करणाऱ्याने चुकलेल्या खुणेभोवती लहान वर्तुळ काढावे आणि बाजूला ‘रद्द’ असे लिहावे. वर्तुळ हे कोणत्याही गटाचा भाग असू शकत नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. एका ओळीत तीन पूर्ण गट, त्यानंतर तिरपी रेघ नसलेल्या चार उभ्या रेघा, त्यानंतर एक पूर्ण गट आणि शेवटी दोन सुट्या रेघा आहेत. या ओळीची संख्या काढा. मधल्या चार रेघांविषयी आपण कोणता शेरा लिहाल?

२. एका पत्रकात प्रत्येक गटात पाच उभ्या रेघा आणि त्यांवर एक तिरपी रेघ आहे. ‘इंग्रजी’ या वर्गासमोर असे चार गट व दोन सुट्या रेघा आहेत. या वर्गाची संख्या कोणती असू शकेल? ती निश्चित करण्यासाठी आपण काय कराल?

३. उताऱ्यात ८० नामे आहेत आणि पत्रकाची बेरीज ७९ येते. एका विद्यार्थ्याने तत्समच्या संख्येत एक मिळवून बेरीज जुळवली. यात काय चुकले?

उत्तरे

१. पूर्ण गट चार, सुट्या रेघा सहा, संख्या २६. मधल्या चार रेघांवर तिरपी रेघ राहून गेली असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास संख्या २७ होईल. परंतु कागदावर चारच आहेत, म्हणून २६ लिहून ‘चौथा गट अपुरा, उताऱ्यातून पडताळावे’ असा शेरा लिहावा.

२. तिरपी रेघ हीदेखील खूण असेल तर गटाची किंमत सहा आणि संख्या २६. पाच रेघा ओढून झाल्यावर ती केवळ गट बंद करण्यासाठी ओढली असेल तर गटाची किंमत पाच आणि संख्या २२. सर्वच गट असे असल्याने ही त्या व्यक्तीची लेखनाची सवय आहे, अनवधान नव्हे. तिला विचारावे. ते शक्य नसल्यास उताऱ्यातील इंग्रजी नामे स्वतंत्रपणे मोजावीत. ती २२ आली तर पत्रकातील सर्वच वर्गांत गटाची किंमत पाच धरावी, केवळ या एका ओळीत नव्हे.

३. हरवलेली खूण तत्समचीच आहे, असे म्हणण्यास त्याच्याकडे आधार नाही. ती कोणत्याही वर्गातील असू शकते. एखाद्या नामाची खूण मोजणीच्या वेळीच राहिली असेल, किंवा उताऱ्यात क्रमांक घालताना एक आकडा गाळून पुढचा घातला गेला असेल, तर नामेच ७९ असतील. आधी क्रमांक सलग आहेत ना हे पाहावे, मग छायाचित्रातील घडी, कड व सावली तपासावी. तरीही फरक उरला तर तो फरक म्हणूनच सारणीखाली नोंदवावा.